अंजिरात मेलेली गांधीलमाशी असते का? फळाच्या परागीभवनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बाजारातून आणलेल्या ताज्या अंजिरात मेलेली माशी असते का?

महाराष्ट्रात पिकलेले ताजे अंजीर असेल, तर नाही. सासवड, दिवे आणि पुरंदर तालुक्यातील इतर गावांतून येणारे अंजीर प्रामुख्याने 'पूना अंजीर' या जातीचे असते, आणि या जातीचे फळ परागीभवनाशिवायच वाढते व पिकते. त्याला कोणत्याही कीटकाने आत शिरण्याची गरज नसते. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर हे याच प्रकारचे आहे.

मात्र जगातील सगळी अंजिरे अशी नसतात. तुर्कस्तानातील आयदिन आणि इराणमधील एस्तहबान या भागांतून येणारे सुके अंजीर बहुतांशी अशा जातींचे असते, ज्यांचे फळ परागीभवन झाले तरच झाडावर टिकते, आणि ते परागीभवन एक अतिशय लहान गांधीलमाशी फळात शिरून करते. ती आतच मरते. म्हणून 'अंजिरात माशी असते' हे विधान सरसकट खरेही नाही आणि सरसकट खोटेही नाही. ते जातीवर अवलंबून आहे, आणि त्या जातीचे नाव सहसा पाकिटावर छापलेले नसते.

पण माशी फळात शिरतेच कशासाठी? इतर फळांप्रमाणे बाहेर फूल का येत नाही?

आपण ज्याला अंजिराचे फळ म्हणतो, ते मुळात फुलांचा आत वळलेला गुच्छ आहे. मांसल भिंतीची एक पोकळ पिशवी, तिच्या आतल्या बाजूस दाटीने बसलेली शेकडो सूक्ष्म फुले, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीक तोंड, अशी ही रचना असते. ते तोंड एकमेकांवर चढलेल्या खवल्यांनी जवळजवळ बंद झालेले असते. वड, पिंपळ आणि उंबर या अंजिराच्या भाऊबंदांतही हीच रचना आहे. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही असे आपल्याकडे म्हणतात, ते याच कारणाने. फुले असतात, पण ती बाहेर कधीच येत नाहीत.

अशा बंद जागेत वारा पराग पोहोचवू शकत नाही, मधमाशी शिरू शकत नाही. खवल्यांमधून अंग दाबत आत जाऊ शकेल असा कीटकच हे काम करू शकतो. अंजिराच्या, म्हणजे फायकस कॅरिका या झाडाच्या, बाबतीत हा कीटक म्हणजे ब्लास्टोफॅगा सेनेस ही माशी होय. पुढे तिला सोयीसाठी 'अंजीरमाशी' म्हटले आहे. ती गांधीलमाशीच्या गणातली असली, तरी गांधीलमाशी म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांसमोर येते त्याच्याशी तिचे काही साम्य नाही. मादी सुमारे दोन मिलिमीटर लांबीची आणि काळी असते, माणसाला ती डंख मारत नाही, आणि बाहेरच्या जगातले तिचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे असते.

परागीभवन नेमके कसे होते?

हे समजून घेण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते: अंजिराची झाडे दोन प्रकारची असतात. एका प्रकाराला नर अंजीर म्हणतात. त्याच्या फळात परागकण देणारी नर फुलेही असतात आणि आखूड कुक्षीवृंताची, म्हणजे अंडाशयावरच्या आखूड दांड्याची, मादी फुलेही असतात, पण ते फळ कोरडे आणि बेचव असल्यामुळे सहसा कोणी खात नाही. दुसरा प्रकार मादी झाडांचा. त्यांच्या फळात फक्त लांब कुक्षीवृंताची मादी फुले असतात, आणि आपण खातो ती अंजिरे या झाडांवरची.

अंजीरमाशीचा जन्म नर अंजिरात होतो. तिच्या आईने आखूड वृंताच्या फुलाच्या अंडाशयात अंडे घातलेले असते. त्या फुलात बी न धरता एक फुगीर गाठ तयार होते आणि अळी तिच्यात वाढते. प्रथम नर माश्या बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते गाठींना भोके पाडून आतल्या माद्यांशी मीलन करतात आणि त्याच फळात मरतात, म्हणजे नराचे सारे आयुष्य एका फळाच्या आत संपते. त्यानंतर माद्या गाठींतून बाहेर पडून फळाच्या तोंडाकडे निघतात. नर फुले नेमकी तोंडाजवळ असतात आणि याच सुमारास त्यांचे पराग तयार झालेले असतात, त्यामुळे माशी बाहेर पडताना परागाने माखते.

आता तिला अंडी घालण्यासाठी कोवळे फळ हवे असते. योग्य अवस्थेतील फळ एक विशिष्ट गंध सोडते आणि माशी त्या गंधामागे जाते. नर आणि मादी झाडाच्या फळांचा गंध इतका सारखा असतो की तिला तो वेगळा ओळखता येत नाही. ती मादी फळावर उतरली, तर खवल्यांमधून आत शिरताना तिचे पंख तुटतात आणि बहुधा स्पर्शिकांचे तुकडेही गळतात. आत गेल्यावर ती फुलाफुलांवर फिरत अंडी घालण्याचा प्रयत्न करते, पण इथल्या फुलांचे वृंत तिच्या अंडनलिकेपेक्षा लांब असल्यामुळे नलिका अंडाशयापर्यंत पोहोचतच नाही. या खटपटीत तिच्या अंगावरचे पराग फुलांना लागतात. फुले फळतात, बी धरते, आणि माशी एकही अंडे न घालता तिथेच मरते.

झाडाच्या दृष्टीने ही अचूक व्यवस्था आहे आणि त्या एका माशीच्या दृष्टीने पूर्ण नुकसान आहे. तरीही माशीची जात टिकून राहते, कारण नर झाडांवर वर्षातून फळांचे तीन हंगाम येतात, हिवाळ्यातल्या हंगामाच्या फळांत तिच्या अळ्या थंडी काढतात, आणि पुरेशा माद्या दर वेळी नर फळापर्यंत पोहोचतात.

तर मग परागीभवन झालेल्या अंजिरात ती माशी शेवटपर्यंत तशीच राहते का?

अखंड राहत नाही. माशी शिरते तेव्हा फळ कच्चे, कडक आणि लहान असते. त्यानंतर ते पिकायला साधारण दोन महिने लागतात. एवढ्या काळात फळ अनेक पटींनी वाढते आणि दोन मिलिमीटरचे ते मृत शरीर विरून, तुटून जाते. एका फळात सहसा एखाद-दुसरीच माशी शिरलेली असते. पिकलेले फळ फोडून साध्या डोळ्यांनी तिचा माग लागणे जवळजवळ अशक्य असते, मात्र भिंगाखाली तोंडाजवळच्या खवल्यांत पंखांचे किंवा कवचाचे बारीक अवशेष आढळू शकतात.

अंजिरातले एन्झाइम माशी पूर्णपणे पचवून टाकते असे वाचले आहे. ते खरे आहे का?

हे स्पष्टीकरण फार ठिकाणी दिले जाते, आणि ते अर्धेच बरोबर आहे. अंजिराच्या चिकात फायसिन नावाचे एन्झाइम असते आणि ते प्रथिनांचे विघटन करते, यात शंका नाही. माशीच्या शरीराचा मऊ भाग प्रथिनांचा असल्यामुळे त्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. परंतु कीटकाचे बाह्य कवच मुख्यतः कायटिनचे असते, आणि कायटिन हे प्रथिन नसून एक बहुशर्करा आहे. एकट्या फायसिनला ते विरघळवता येत नाही. चिकात कायटिन तोडणारी एन्झाइमेही आढळली आहेत, पण त्यावरून 'फळ माशी खाऊन टाकते' किंवा 'अंजीर मांसाहारी वनस्पती आहे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. कीटकभक्षी वनस्पती अन्नद्रव्ये मिळवण्यासाठी कीटक पकडतात. अंजिराला माशीकडून हवे असतात ते पराग, आणि तिच्या शरीराची त्याला काही गरज नसते.

चावताना जे कुरकुरीत लागते, ते माशीचे अवशेष असतात का?

नाही, त्या बिया असतात. काटेकोरपणे बोलायचे तर प्रत्येक दाणा हे एकेका सूक्ष्म फुलाचे स्वतंत्र फळ आहे, आणि एका अंजिरात असे शेकडो दाणे असतात. एखाद-दुसऱ्या माशीचे विरलेले शरीर त्या प्रमाणात कुरकुर निर्माण करूच शकत नाही.

सुक्या अंजिरावर दिसणारी पांढरी भुकटीही कीटकाची नसते. फळ सुकताना साखर पृष्ठभागावर येऊन तिचे स्फटिक होतात. ती बुरशीसारखी केसाळ नसते आणि कोमट पाण्यात विरघळते.

उंबर फोडले की त्यातून जिवंत किडे उडताना आम्ही पाहिले आहेत. मग अंजिरात नसतील कशावरून?

मराठी माणसाच्या मनातल्या शंकेचे खरे मूळ बहुधा इथेच आहे, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देणे आवश्यक वाटते.

उंबर आणि अंजीर एकाच कुळातले, फायकस या एकाच गटातले असले, तरी त्यांची जीवनपद्धती वेगळी आहे. उंबराला नर झाड आणि मादी झाड असा भेद नाही. प्रत्येक उंबराच्या आत बी धरणारी फुले, माश्या वाढवणारी फुले आणि पराग देणारी फुले अशी तिन्ही असतात. म्हणून उंबर पिकत येते तेव्हा त्याच्या आत माश्यांची नवी पिढी प्रत्यक्ष जन्माला आलेली असते, आणि फळ फोडल्यावर जी केंबरे उडतात ती हीच. उंबराची परागवाहक माशी सेराटोसोलेन फ्युसिसेप्स ही आहे. ती परागाने नुसती माखत नाही. तिच्या छातीवर पराग ठेवण्यासाठी खास कप्पे असतात, त्यांत ती पराग भरून घेते आणि दुसऱ्या उंबरात गेल्यावर ते फुलांवर ठेवते. तिच्यासोबत परागीभवनात काहीही वाटा नसलेल्या इतर लहान माश्याही उंबरात वाढतात, आणि फळाला भोक पडल्यावर मुंग्या व भुंगेरे त्यात शिरतात. पिकून खाली पडलेल्या उंबरात त्यामुळे इतकी गर्दी दिसते.

खाण्याच्या अंजिरात असे होत नाही, कारण तिथे अंडे घातलेच जात नाही. परागीभवन झालेल्या मादी अंजिरातही माश्यांची पिढी वाढत नाही. आत असते ती फक्त बाहेरून शिरलेली आणि मेलेली एखादी मादी. पूना अंजिरात तर तीही नसते. शेजारी उंबराचे झाड असले म्हणून उंबराच्या माश्या अंजिरात येऊन वस्ती करतील अशी भीतीही बाळगण्याचे कारण नाही, कारण या माश्या आपापल्या झाडाच्या गंधाला बांधलेल्या असतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी आणि उंबराची वेगळी.

मग मला अंजिरात अळी दिसली होती, ती कशाची?

ती अंजीरमाशीची नव्हती, हे खात्रीने सांगता येते, कारण तिच्या अळ्या नर अंजिराच्या फुलांतील गाठींमध्ये असतात आणि ते फळ बाजारात येत नाही. ताज्या, जास्त पिकलेल्या किंवा फुटलेल्या फळात पांढऱ्या अळ्या दिसल्यास त्या बहुधा फळमाशीच्या असतात. सुक्या अंजिरात अळी, बारीक जाळी आणि दाणेदार विष्ठा दिसत असेल, तर तो साठवणीतल्या पतंगाचा प्रादुर्भाव असतो, जो मनुका, बदाम आणि धान्यालाही लागतो. या दोन्हींचा परागीभवनाशी काही संबंध नाही. असे फळ टाकून द्यावे. सुके अंजीर खाण्यापूर्वी मधोमध उघडून पाहण्याची सवय याच कारणासाठी चांगली आहे.

परागीभवनाची गरज असलेल्या जातींत माशी आलीच नाही तर काय होते?

फळ सुपारीएवढे होते, पिवळे पडते आणि गळून जाते. याचे सर्वात स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीस तिथल्या बागायतदारांनी स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, येथून प्रसिद्ध सुक्या अंजिराच्या जातीच्या फांद्या मागवून लावल्या. झाडे उत्तम वाढली, फळे धरली, आणि दर वर्षी कच्चीच गळली. तुर्की व्यापाऱ्यांनी मुद्दाम चुकीची जात पाठवली असा संशय घेतला गेला. तुर्कस्तानातले शेतकरी आपल्या झाडांवर नर अंजिराची फळे टांगतात, हे माहीत असूनही अनेकांनी ती खेडुतांची अंधश्रद्धा मानली. वास्तविक भूमध्य समुद्राच्या काठची ही पद्धत प्राचीन ग्रीकांनीही लिहून ठेवली होती.

फ्रेस्नो येथील जॉर्ज रोडिंग यांनी 1890 मध्ये नर फळातले पराग हाताने काही स्मर्ना फळांच्या तोंडातून आत पोहोचवले. ती फळे टिकली आणि पिकली. दोष जातीचा किंवा मातीचा नसून परागाचा आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. पण हजारो फळांत हाताने पराग सोडणे शक्य नव्हते, म्हणून माशीच आणावी लागणार होती. अमेरिकेच्या कृषी खात्याचे वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियातून पाठवलेल्या नर फळांतील माश्या 1899 मध्ये रोडिंग यांच्या बागेत रुजल्या, आणि त्यानंतरच तिथे स्मर्ना अंजिराचे पीक मिळू लागले. या अंजिराला पुढे कॅलिफोर्निया आणि स्मर्ना ही नावे जोडून 'कॅलिमर्ना' असे नाव देण्यात आले.

आजचे शेतकरी माशी बागेत कशी सोडतात?

पद्धत मुळात तीच आहे. जूनच्या सुमारास नर झाडांवरची वसंतातली फळे तयार होतात. माश्या बाहेर पडण्याच्या बेतात असताना ती तोडून कागदी पिशव्यांत, जाळीच्या टोपल्यांत किंवा दोरीत ओवून मादी झाडांवर टांगतात. तुर्कस्तानात या नर फळाला 'इलेक' म्हणतात. झाडावरची सगळी मादी फळे एकाच दिवशी योग्य अवस्थेत येत नाहीत, त्यामुळे थोडी थोडी नर फळे काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन आठवडे टांगावी लागतात.

इथे प्रमाण चुकले तर नुकसान होते. एका नर फळातून शेकडो माश्या निघतात. त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या की एकेका मादी फळात अनेक माश्या शिरतात, बी वाजवीपेक्षा जास्त धरते आणि फळ पिकताना तडकते. दुसरा धोका याहून गंभीर आहे. माशी आपल्या अंगावर परागाबरोबर फ्युजॅरियम बुरशीचे बीजाणूही नेते, आणि मग फळ बाहेरून चांगले दिसत असताना आतून तपकिरी-गुलाबी होऊन कुजते. म्हणूनच नर झाडांची बाग मुख्य बागेपासून दूर ठेवणे आणि रोगट नर फळे आधीच काढून टाकणे, याकडे अनुभवी बागायतदार फार काटेकोरपणे पाहतात.

शाकाहारी व्यक्तीने किंवा जैन व्यक्तीने अंजीर खावे का?

हा निर्णय ज्याच्या त्याच्या आचाराचा आहे, आणि विज्ञान त्यात फक्त वस्तुस्थिती पुरवू शकते. जैन परंपरेत वड, पिंपळ, उंबर यांसारख्या पाच झाडांच्या फळांचा, म्हणजे पंच उदुंबराचा, त्याग सांगितला आहे, कारण त्यांत सूक्ष्म जीव असतात. अनेक घरांत अंजीरही त्यातच मोजले जाते. उंबराविषयीचे हे निरीक्षण अगदी अचूक आहे, हे वर आलेच आहे. ज्यांचा आक्षेप केवळ मृत माशीपुरता आहे, त्यांच्यासाठी पूना अंजिरासारखी परागीभवनाविना पिकणारी जात हा पर्याय उपलब्ध आहे. ज्यांच्याकडे संपूर्ण कुळच वर्ज्य आहे, त्यांना ही माहिती देऊन पटवण्याचा प्रयत्न करणे मला उचित वाटत नाही.

माझ्या हातातल्या अंजिराचे परागीभवन झाले आहे की नाही, हे घरी ओळखता येते का?

बऱ्यापैकी ओळखता येते. गरातले काही दाणे वेगळे काढावेत, चांगले चोळून धुवावेत आणि पाण्याच्या पेल्यात टाकावेत. परागीभवन झालेल्या फळाच्या बियांत गर्भ भरलेला असतो, म्हणून त्या बुडतात. परागीभवनाविना वाढलेल्या फळाचे दाणे आतून पोकळ असतात आणि बहुतेक तरंगतात. दाण्यांना गर किंवा हवेचे बुडबुडे चिकटलेले राहिले तर परीक्षा फसते, त्यामुळे धुण्यात आळस करू नये. चवीतही फरक जाणवतो: भरलेल्या बियांमुळे स्मर्ना जातीच्या सुक्या अंजिराला सुक्या मेव्यासारखा स्निग्ध स्वाद येतो.

परसातल्या अंजिराची फळे लहान असतानाच गळतात. माशी नसल्यामुळे असे होत असेल का?

रोप पूना अंजिराचे असेल तर कारण माशी नाही. पाण्याचा ताण आणि मग एकदम जास्त पाणी, मुळांशी साचलेले पाणी, किंवा पानांवरचा तांबेरा, ही कारणे आधी तपासावीत. रोप परदेशी जातीचे असेल आणि दर वर्षी प्रत्येक फळ सुपारीएवढे होऊन गळत असेल, तर ती जात स्मर्ना प्रकारची असण्याची दाट शक्यता आहे, आणि दख्खनमध्ये तिला फळ टिकणार नाही. तिसराही एक प्रकार आहे, ज्याला सॅन पेद्रो म्हणतात. त्याच्या जुन्या फांदीवर येणारी पहिली फळे परागीभवनाविना पिकतात, पण नव्या फुटीवरची मुख्य फळे माशीविना गळतात. तुमच्या झाडावर पहिली मोजकी फळे दर वर्षी नीट पिकत असतील आणि नंतरची सगळी गळत असतील, तर खत बदलून काही उपयोग होणार नाही. त्या झाडावर पूना अंजिराची कलमे बांधून घेणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.